सकाळची पहिली सिगारेट: दोन तासांचा हिशेब आणि रात्रीचा खंड

«डॉक्टरसाहेब, वय ४६, इंदूरला कापडाचं दुकान आहे. दिवसाला सोळा-सतरा सिगारेटी होतात. सकाळी सातची पहिली ओढली की डोकं गरगरतं, हातापायांना मुंग्या येतात, पण खरी मजाही तिच्यातच. दिवसभराच्या बाकी नुसत्याच ओढल्या जातात. निकोटीन दोन तासांत अर्धं उतरतं म्हणे. मग ती मजा दुपारी का येत नाही? आणि बाकी सगळ्या सोडून ही एकच ठेवली तर?»

तुमच्यासारखंच एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी माझ्याकडे येत. टिळकनगरात राहायचे, आकडेमोडीत पक्के. त्यांना मी प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे जो हिशेब करून दाखवला होता तोच इथे मांडतो. एकदा तो कळला की तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं, हे तुम्ही ऐकलंय ते बरोबर आहे. माणसागणिक हा काळ एक ते चार तास असा कमीजास्त असतो, पण सरासरी दोन धरायला हरकत नाही. हे काम मुख्यतः यकृत करतं. तिथलं एक विकर निकोटीनचं कोटिनीन करतं आणि मग ते सावकाश लघवीवाटे जातं. आता एका सिगारेटीनं किती चढतं ते बघू. सिगारेटीतल्या तंबाखूत दहा-बारा मिलिग्रॅम निकोटीन असतं, पण बरंचसं जळून किंवा हवेत जातं. शरीरात उतरतं ते एक ते दीड मिलिग्रॅम. त्यानं शिरेतल्या रक्तात, दर मिलिलिटरला पाच ते तीस नॅनोग्रॅम इतकी भर पडते. कोण किती खोल आणि किती झुरके घेतो त्यावर ते ठरतं. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण दर सिगारेटीला दहा धरू. पुढे मी नुसते आकडे लिहीन, एकक हेच समजा.

तुम्ही सकाळी सात ते रात्री अकरा, दर तासाला एक ओढता असं समजू. म्हणजे सतरा होतात. सकाळी रक्तात जवळपास दोन उरलेलं असतं (ते कुठून आलं ते पुढे सांगतो). सातची ओढली की बारा. आठपर्यंत एका तासात ते उतरून साडेआठवर येतं. तासाभरात अर्धं होत नाही, तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतं, हे लक्षात ठेवा. आठची ओढली की साडेअठरा. नऊला ते तेरापर्यंत उतरलेलं असतं, वर पुन्हा दहा, म्हणजे तेवीस. दहाला ओढल्यावर सव्वीस, अकराला साडेअठ्ठावीस, बाराला तीस. दर वेळी नवी सिगारेट येईपर्यंत जुनी पूर्ण उतरलेली नसते, म्हणून ती साठत जाते. पण जितकं जास्त साठतं तितकं दर तासाला जास्त उतरतंही. त्यामुळे चढ हळूहळू मंदावतो, आणि दुपारी चार-पाचच्या सुमारास तो जवळपास एका पट्ट्यात अडकतो. ओढायच्या आधी चोवीस, ओढल्यावर चौतीस. तिथून रात्री अकरापर्यंत तुमचं रक्त या दोन आकड्यांमध्येच हेलकावे खात राहतं. माझ्या त्या टिळकनगरच्या गृहस्थांनी हे पाहून लगेच विचारलं होतं, «म्हणजे दुपारनंतर मी दहा रुपयांचा व्यापार करून तेवढेच हरवतोय?» बरोबर. अगदी तेवढेच.

रात्री अकराची शेवटची ओढून चौतीसवर झोपलात. सकाळी सातपर्यंत आठ तास, म्हणजे चार वेळा निम्मं. चौतीसचे सतरा, सतराचे साडेआठ, मग सव्वाचार, मग दोन. हेच ते सकाळचं उरलेलं दोन.

आता दोन्ही टोकं शेजारी ठेवा. सकाळची सिगारेट तुम्हाला दोनावरून बारावर नेते, म्हणजे सहापट. रात्री नऊची तुम्हाला चोवीसवरून चौतीसवर नेते, म्हणजे दीडपटीहूनही कमी. सिगारेट तीच, तंबाखू तोच, भरही तितकीच. फरक आहे तो खालच्या पातळीत.

पण नुसत्या पटींनी काम भागत नाही. तुम्ही विचाराल, की दुपारी रक्तात चौतीस आहे, सकाळी जेमतेम बारा, मग दुपारी जास्त चढायला हवं ना? हा प्रश्न रास्त आहे, आणि खरी गंमत इथेच आहे. मेंदूला पातळी कळत नाही, पातळीतली उडी कळते.

झुरका घेतला की फुप्फुसातून निकोटीन थेट धमनीच्या रक्तात जातं आणि दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. त्या क्षणी धमनीतलं प्रमाण शिरेतल्यापेक्षा दुप्पट ते सहापट जास्त असू शकतं. मग काही मिनिटांत ते स्नायूंमध्ये, चरबीत, इतर अवयवांत पसरतं आणि मेंदूतलं झपाट्यानं कमी होतं. म्हणजे ज्याला तुम्ही चढणं म्हणता ते पाच-दहा मिनिटांचंच असतं. दोन तासांचा आकडा त्याच्यानंतरच्या सावकाश उताराचा आहे. पुष्कळ जण हे दोन काळ एकच समजतात आणि म्हणतात, «दोन तास टिकायला हवं, माझं तर चहा संपेपर्यंतच उतरतं.» उतरतं ते चढणं. निकोटीन अंगात असतंच.

मेंदूतल्या पेशींवर निकोटीनसाठी ग्राहक असतात. ग्राहक म्हणजे दुकानातलं गिऱ्हाईक नव्हे, कुलपाचं भोक समजा, ज्यात निकोटीनची किल्ली बसते. किल्ली बसली की पेशी पेटते, डोपामिन सुटतं, बरं वाटतं. पण किल्ली फार वेळ भोकातच राहिली की ते कुलूप सुन्न होतं, पुढची किल्ली आली तरी हलत नाही. २००६ साली अमेरिकेत सिगारेट ओढणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन करून पाहिलं होतं. एक-दोन झुरक्यांतच यातले निम्मे ग्राहक भरले होते आणि एका पूर्ण सिगारेटीनं अठ्ठ्याऐंशी टक्क्यांहून जास्त. आणि ते लगेच मोकळे होत नाहीत, काही तास भरलेलेच राहतात. आता तुमची दुपार आठवा. रक्तात चोवीस असताना जवळपास सगळी कुलपं आधीच भरलेली आणि सुन्न असतात. त्यावर आणखी एक सिगारेट ओढून तुम्ही नवं काही उघडत नाही. सराफ्यात रात्री खाऊगल्लीच्या तोंडाशी पाऊल टाकलं की तुपाचा वास भप्पकन नाकात शिरतो, पण कढईपाशी बसलेल्या हलवायाला विचारा, त्याला कसलाच वास येत नसतो. वास कमी झालेला नसतो, त्याचं नाक थकलेलं असतं.

रात्रीच्या आठ तासांत काही कुलपं मोकळी होतात आणि सुन्न झालेली पुन्हा शुद्धीवर येतात. सगळीच मोकळी होतात असं मात्र नाही. सकाळच्या त्या दोनातही बरीच भरलेली असतात. तरीही जेवढी जागी झालेली असतात तेवढी एका झटक्यात पेटायला पुरेशी असतात. त्यात आणखी एक भर आहे. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या मेंदूत अशा कुलपांची संख्याच वाढलेली असते. सुन्न पडलेल्यांची भरपाई मेंदू नवी कुलपं लावून करतो. म्हणून सकाळी एकीकडे ती सगळी रिकामी कुलपं किल्ली मागत असतात (हीच तुमची तलफ), आणि दुसरीकडे किल्ली आली की न ओढणाऱ्यापेक्षा जास्त कुलपं एकदम उघडतात.

त्यामुळे सकाळच्या मजेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक निकोटीनचा खरा परिणाम, आणि दुसरी रात्रभर साठलेल्या तलफेतून सुटका. माझ्या मते दुसरीचा वाटा मोठा असतो. चपलेत खडा घेऊन टिळकनगरपासून राजवाड्यापर्यंत चालत या आणि मग चप्पल झटका, ते सुख आठवा. खडा घालणारे तुम्हीच असता, एवढाच फरक.

आणि गरगरणं, मुंग्या? ती मजा नाही, तो निकोटीनचा विषारी परिणाम आहे. पहिल्यांदा चोरून ओढणाऱ्या पोराला मळमळतं, घाम फुटतो, तेच हे, फक्त सौम्य रूपात. दिवसभर सवयीनं शरीर त्याला दाबून ठेवतं. रात्रीत ती सवय थोडी विरते आणि सकाळी शरीर काही मिनिटं नवख्यासारखं वागतं. हृदयाच्या बाबतीत तर ही सवय फार लवकर लागते आणि लवकर सुटते, अर्ध्या तासाच्या हिशेबात. टिळकनगरच्या गृहस्थांना मी बोटाला लावायचं यंत्र घरी न्यायला सांगितलं होतं. सकाळी बिछान्यातून उठल्यावर नाडी अडुसष्ट, पहिली सिगारेट संपल्यावर सत्त्याऐंशी. दुपारी दुकानात बसून ओढायच्या आधी एक्याऐंशी, ओढल्यावर चौऱ्याऐंशी. तीन ठोक्यांचा फरक. पण नीट बघा, दुपारी नाडी आधीच वर चढलेली होती. शरीराला सवय झाली म्हणजे ते सुटलं असं नाही. झटका जाणवत नाही, ओझं दिवसभर राहतं.

यंत्राचं निघालंच आहे तर एक सांगतो. त्याच यंत्रावर त्यांना ऑक्सिजन सत्त्याण्णव दिसला आणि ते खुशीत आले. सिगारेट ओढणाऱ्यानं त्या आकड्यावर विसंबू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो आणि ते यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजून मोजतं.

तुमची गरगर नेहमीची, दोन-तीन मिनिटांत जाणारी असेल तर वरचंच कारण. पण डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसावं लागत असेल, छातीत दडपण येत असेल, थंड घाम सुटत असेल, तर निकोटीनला दोष देत बसू नका, त्याच दिवशी ईसीजी आणि रक्तदाब बघून घ्या. पहाटे-सकाळी रक्तदाब तसाही चढत असतो, हृदयविकाराचे झटके त्या वेळेला जास्त येतात, आणि नेमकी तेव्हाच तुमची सहापट उडी असते.

हा सगळा हिशेब खरा की नुसता कागदावरचा, हे तुम्ही स्वतः तपासू शकता. आमच्या गृहस्थांनीच मला ते दाखवून दिलं. नागपूरहून पाहुणे आले की ते त्यांना रात्री सराफ्यात न्यायचे, भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलेबी, आणि दीड वाजता शेवटची सिगारेट. सकाळी साडेसहाला उठून पाहुण्यांना स्टेशनवर सोडायचं. ते म्हणाले, «त्या दिवशी सकाळची अजिबात चढत नाही हो, मला वाटायचं झोप कमी झाली म्हणून.» झोपेचा वाटा असेलही, पण आकडे बघा. पाच तास म्हणजे अडीच वेळा निम्मं, चौतीसचे सहा उरतात. सहावरून सोळा, तिप्पटही नाही. उलट गणपतीत दहा दिवस सिगारेट न ओढण्याचं पाळणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. अनंत चतुर्दशीला विसर्जन करून आले की पानाच्या गुमटीवर जाऊन ओढतात, आणि तिथल्याच बाकड्यावर बसायची वेळ येते. दहा दिवसांत निकोटीन तर गेलेलं असतंच, सवयही बरीच गेलेली असते. मात्र वाढलेली कुलपं दहा दिवसांत पूर्ववत होत नाहीत, त्याला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे त्या एका सिगारेटीनंतर दुसऱ्या दिवशी पाकीट घरात आलेलं असतं.

तुम्ही कदाचित मनात म्हणत असाल, की सकाळी एवढी तलफ असते तर मग रात्री जाग का येत नाही. झोपेत यकृताकडे जाणारं रक्त थोडं कमी होतं, त्यामुळे निकोटीन जरा सावकाश उतरतं. उतार हळू असतो आणि काही कुलपं सकाळपर्यंत भरलेली राहतात, हे वर आलंच. शिवाय तलफ फक्त रक्तातून येत नाही. चहाचा वास, दुकानाचं शटर, मोटारसायकल स्टँडवर लावणं, अशा ठरावीक खुणांवर ती उठते, आणि झोपेत त्या खुणा नसतात. ज्यांना रात्री दोनला उठून ओढावी लागते त्यांची गोष्ट वेगळी. ते ऐकलं की मी वहीत एक खूण करतो, कारण असा माणूस नुसत्या निर्धारानं सोडू शकेल असं मला वाटत नाही.

जेवणानंतरच्या तलफेलाही असाच एक छोटा धागा आहे. जेवलं की यकृताकडे रक्त वाढतं, त्या अर्ध्या-पाऊण तासात निकोटीन जास्त भराभर साफ होतं. पोहे-जिलेबी खाऊन झाली की हात खिशाकडे जातो, त्यात सवय तर आहेच, पण रक्तातही थोडी घट खरोखर झालेली असते.

पहिल्या सिगारेटीला आम्ही डॉक्टर एवढं महत्त्व का देतो, तेही यातूनच दिसतं. व्यसन किती खोल आहे हे मोजायची फागरस्ट्रॉम नावाची एक प्रश्नावली आहे. सहा प्रश्न, एकूण दहा गुण. त्यातल्या सगळ्यात वजनदार प्रश्नांपैकी एक हा, की उठल्यावर किती वेळात पहिली ओढता. पाच मिनिटांच्या आत असेल तर तीन गुण, अर्ध्या तासाच्या आत दोन, तासाच्या आत एक. आणि दुसरा एक प्रश्न असा, की कुठली सोडणं सगळ्यात जड जाईल. सकाळची म्हटलं की आणखी एक गुण. मी ओपीडीत घाईत असलो तर दिवसाला किती हे विचारायच्या आधी उठल्यावर किती वेळात हे विचारतो. दिवसाचा आकडा लोक कमी सांगतात, बायको शेजारी बसलेली असली की फारच कमी. सकाळच्या वेळेचं मात्र कोणी खोटं बोलत नाही, कारण त्यात काही कळतं हे त्यांना माहीत नसतं. तुम्ही सातची म्हणालात, पण उठता किती वाजता ते लिहिलं नाहीत. तेवढं मला हवं आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बाकी सोळा सोडून सकाळची एकच ठेवायची. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आणि हा विचार माझ्याकडे आठवड्याला एक तरी माणूस घेऊन येतो. मी सरळ नाही म्हणतो.

कारण चोवीस तास म्हणजे बारा वेळा निम्मं. कालच्या सिगारेटीचं रक्तात काहीच उरणार नाही. तुम्ही रोज पहाटे शून्यावर, वाढलेली कुलपं तशीच मोकळी, दिवसभर तलफ तशीच, आणि मग चोवीस तासांनी सगळ्यात मोठी उडी. म्हणजे सोडण्याचा त्रास रोज पूर्ण, आणि मेंदूला त्याचं बक्षीसही रोज पूर्ण. कुलपांची संख्या कमी व्हायला हवा असलेला सलग काळ तुम्ही त्यांना कधीच देत नाही. असे लोक तीन-चार आठवडे तग धरतात, मग दुकानात काहीतरी खटकतं, एक दुपारची होते, आणि दोन महिन्यांत पुन्हा सतरा. काहींना जमतं हे खरं, पण ते मुळात तुमच्यासारखे सकाळवाले नसतात.

निम्म्या करणं, म्हणजे दर दोन तासांनी एक, हा दुसरा लोकप्रिय मार्ग. हिशेबानं पट्टा चोवीस-चौतीसवरून दहा-वीसवर यायला हवा. प्रत्यक्षात येत नाही. शरीर जुना पट्टा मागतं आणि तुम्ही नकळत झुरके खोल घेता, जास्त घेता, थोटकापर्यंत ओढता. एका सिगारेटीतून दहाऐवजी पंधरा काढलंत की पट्टा पंधरा-तीस होतो. निकोटीन निम्मं होत नाही, टारही होत नाही. लाइट सिगारेटीचंही हेच होतं. याची खूण सोपी आहे. थोटूक बोटाला चटका लागेपर्यंत ओढताय का, आणि पूर्वी जी सहा-सात मिनिटं चालायची ती चारात संपतेय का, ते पाहा.

मग करायचं काय? हिशेबाकडेच परत या. तुमची अडचण सकाळचं दोन ही आहे. ते दोन वर उचललं, तर सहापट उडीही राहत नाही आणि तलफेचा कळसही राहत नाही.

निकोटीनची पट्टी नेमकं तेच करते. एकवीस मिलिग्रॅमची पट्टी चोवीस तास लावून ठेवली तर रक्तात साधारण दहा ते वीसची सपाट पातळी राहते. सकाळी सातला तुम्ही दोनावर नसता, दहाच्या वर असता. धमनीतली ती वीस सेकंदांची उडी पट्टी देत नाही, म्हणून तिची मजाही नाही आणि तिचं व्यसन लागणंही विरळा. इथे होणारी चूक मी फार वेळा बघितली आहे. लोक पट्टी रात्री काढून ठेवतात आणि सकाळी नवी लावतात. रात्री पातळी पुन्हा उतरते, आणि नवी पट्टी भरात यायला काही तास घेते. म्हणजे जी वेळ सांभाळायची होती तीच उघडी पडते, माणूस आठ वाजता सिगारेट ओढतो आणि म्हणतो पट्टीचा उपयोग होत नाही. सकाळवाल्यानं पट्टी रात्रभर ठेवावी. कोणाकोणाला त्यानं भडक स्वप्नं पडतात. फारच त्रास झाला तर रात्री काढायची, पण मग सकाळसाठी दुसरी सोय हाताशी हवी.

ती सोय म्हणजे निकोटीनचं च्युइंगम. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला दोनऐवजी चार मिलिग्रॅमचं लागतं. ते च्युइंगमसारखं चघळायचं नाही. चार-पाचदा चावून तोंडाला झणझण लागली की गालात दाबून ठेवायचं, झणझण गेली की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं. भराभर चावलं तर लाळेबरोबर पोटात जातं, उचकी आणि जळजळ होते, रक्तात फारसं पोचत नाही. आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी, लिंबूपाणी काही नको, आंबट तोंडात ते शोषलं जात नाही. इंदुरात सकाळी चहाआधी कोणी काही तोंडात घालायला तयार होत नाही, हे मला माहीत आहे. तरी क्रम हाच, च्युइंगम आधी, चहा नंतर. आणि ते चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेव्हा तलफ डोक्यावर बसायच्या आत, डोळे उघडताच घ्यायचं.

तिसरा मार्ग व्हॅरेनिक्लिनच्या गोळीचा, आणि तुमच्यासारख्या माणसाला मी बहुधा तिथेच नेतो. ही गोळी त्याच कुलपांत बसते, त्यांना अर्धवट उघडते आणि निकोटीनची वाट अडवते. ती रक्तात निम्मी व्हायला चोवीस तासांच्या आसपास लागतात. निकोटीनच्या दोन तासांशेजारी हा आकडा ठेवा. रात्रीच्या आठ तासांत ती फारशी उतरतच नाही, त्यामुळे सकाळी कुलपं मोकळी सापडत नाहीत. सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी ती सुरू करतात आणि त्या आठवड्यात सिगारेट ओढायची मुभा असते. मूत्रपिंडाचा त्रास, फिट्स, मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर आधी सांगायचं, आणि गोळी डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायची. पहिले काही दिवस मळमळ होते, म्हणून भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर.

एक छोटी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. सिगारेटीच्या धुरातल्या टारमुळे (निकोटीनमुळे नव्हे) यकृत चहातलं कॅफिन फार भराभर साफ करत असतं. सिगारेट थांबली की काही दिवसांत तो वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहात रक्तातलं कॅफिन बरंच चढतं. लोकांना धडधड होते, झोप येत नाही, चिडचिड होते, आणि ते म्हणतात सिगारेट सोडल्याचा त्रास. दिवसाला सहा चहा असतील तर तीन करा.

टिळकनगरच्या गृहस्थांचं पुढे काय झालं ते विचाराल. गोळीच्या पाचव्या दिवशी त्यांचा सकाळी साडेसातला फोन आला. आवाज वैतागलेला. «डॉक्टर, आज पहिली ओढली. काहीच झालं नाही. कागद जाळून ओढल्यासारखं वाटलं. अर्धी टाकून दिली.» मी म्हटलं, तारीख दोन दिवस अलीकडे घ्या. त्यांनी घेतली. मधे एकदा, साडेतीन महिन्यांनी, भाच्याच्या लग्नात दोन ओढल्या आणि मांडवामागे ओकले. त्यानंतर, मला ठाऊक आहे तिथवर, ओढलेली नाही.

तुम्ही येताना तीन दिवसांची नोंद आणा. उठल्याची वेळ, पहिलीची वेळ, रात्रीच्या शेवटचीची वेळ, आणि जमलं तर पहिलीच्या आधीची आणि नंतरची नाडी. सिगारेटी मोजून आणायची गरज नाही.